अक्षरे बिघडलेली फाइल आधी सेव्ह करू नका

गावातल्या वाचनालयाने आपली पुस्तकांची यादी एका प्रोग्रॅममधून सीएसव्ही फाइल म्हणून काढून घेतली, असे समजा. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल. ग्रंथपालांनी तिच्यावर दोनदा क्लिक केले, एक्सेल उघडले आणि जिथे ‘मराठी’ हा शब्द हवा होता तिथे हे दिसले :

```
à¤®à¤°à¤¾à¤ à¥€
```

अशा वेळी आपण ‘फॉन्ट गेला’ म्हणतो आणि फॉन्ट बदलून पाहतो. त्याने काही होत नाही, कारण दोष फॉन्टचा नसतोच. फाइलमधली मराठी अजून जशीच्या तशी आहे. एक्सेलने ती चुकीच्या तक्त्यावरून वाचली आहे, एवढेच.

संगणक फाइलमध्ये अक्षरे ठेवत नाही, आकडे ठेवतो. असा एक आकडा म्हणजे एक बाइट. कोणत्या आकड्याचे कोणते अक्षर, हे तक्ता ठरवतो. यूटीएफ-८ या आजच्या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूणही त्यात स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. विंडोजचा जुना पाश्चात्त्य तक्ता, विंडोज-१२५२, मात्र एका बाइटला एक अक्षर मानतो. त्यामुळे ‘म’चे तीन बाइट तिथे तीन परकी अक्षरे होऊन बसतात :

```
म  →  E0 A4 AE  →  à ¤ ®
```

देवनागरीच्या कोणत्याही चिन्हाचा पहिला बाइट E0 असतो आणि दुसरा A4 किंवा A5. म्हणूनच बिघडलेल्या मजकुरात `à¤` आणि `à¥` या जोड्या पुन्हा पुन्हा दिसतात. त्या दिसल्या की निदान पक्के समजावे : मजकूर यूटीएफ-८ मधला आहे आणि वाचला गेला आहे विंडोज-१२५२ प्रमाणे.

या टप्प्यावर उपाय सोपा आहे. फाइल सेव्ह न करता बंद करावी. मग एक्सेलमध्ये कोरे पान उघडून `Data` मधून `From Text/CSV` निवडावे, फाइल दाखवावी आणि `File Origin` समोर `65001: Unicode (UTF-8)` निवडावे. खालच्या नमुन्यात मराठी नीट दिसली की फाइल आत घ्यावी.

खरा घोटाळा होतो तो सेव्ह केल्यावर. अक्षरे सुधारतील या आशेने ग्रंथपालांनी तीच बिघडलेली फाइल `CSV UTF-8` या प्रकारात सेव्ह केली, तर एक्सेल पडद्यावरचे `à`, `¤`, `®` हेच खरे मजकूर मानते आणि त्यांना यूटीएफ-८ मधले नवे बाइट देते. आता ती फाइल कोणत्याही तक्त्याने उघडली तरी सरळ मराठी दिसत नाही. हेच आणखी एकदा घडले, तर `à¤®` च्या जागी `Ã Â¤Â®` असे काहीतरी दिसू लागते. Ã आणि Â यांची गर्दी दिसली, तर चूक दोनदा झाली आहे असे ओळखावे.

तरीही फाइल परत आणता येते, कारण जी चूक झाली ती उलट्या क्रमाने करता येते. आधी मूळ फाइलची प्रत काढून बाजूला ठेवावी. दुसरी प्रत नोटपॅडमध्ये उघडावी. `Save As` मध्ये `Encoding` समोर `ANSI` निवडून तिला नवे नाव द्यावे. आपल्याकडच्या बहुतेक विंडोज संगणकांवर ANSI म्हणजे विंडोज-१२५२ च असते. त्यामुळे `à` चा पुन्हा E0 होतो, `¤` चा A4 होतो आणि मूळचे बाइट परत येतात. मग नोटपॅडच्या `Open` खिडकीत ही नवी फाइल निवडताना `Encoding` समोर `UTF-8` ठेवावे. मराठी दिसते. शेवटी ती `UTF-8 with BOM` या प्रकारात सेव्ह करावी. या प्रकारात फाइलच्या आरंभी तीन बाइटांची ओळखखूण बसते आणि पुढे दोनदा क्लिक करून उघडली तरी एक्सेल तिला बरोबर ओळखते. चूक दोनदा झालेली असेल, तर ANSI ची फेरी दोनदा करावी लागते.

एक अट मात्र आहे. फाइलमध्ये काही ओळी बिघडलेल्या आणि काही सरळ मराठीत असतील, तर ANSI मध्ये सेव्ह करताना चांगल्या ओळींची प्रश्नचिन्हे होतील. म्हणून बिघडलेल्या ओळी आधी वेगळ्या फाइलमध्ये काढाव्यात आणि ही फेरी फक्त त्यांच्यावरच करावी.

मजकूर परत आला तरी तो तपासल्याशिवाय वापरू नये, कारण काही अक्षरे या प्रवासात नाजूक ठरतात. विंडोज-१२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत : 81, 8D, 8F, 90 आणि 9D. पहिल्या उकाराचा शेवटचा बाइट 81 आहे आणि पाय मोडण्याच्या खुणेचा 8D. ए, ऐ आणि झ यांचे शेवटचे बाइट याच रिकाम्या जागांवर पडतात. काही प्रोग्रॅम असे बाइट अदृश्य खुणा म्हणून जपतात, काही टाकून देतात. टाकून दिले असतील, तर दुरुस्तीनंतर ‘पुस्तक’ च्या जागी `प�स�तक` असे दिसते. पहिल्या � च्या जागी उकार होता आणि दुसऱ्या जागी जोडाक्षर, हे यंत्राला कळत नाही. दोन्हींचे उरलेले बाइट सारखेच असतात. ते मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यांना कळते आणि हातानेच भरावे लागते.

‘ठ’ आणि ‘भ’ यांची अडचण वेगळी आहे. ‘ठ’ चा शेवटचा बाइट या तक्त्यात न तुटणारी मोकळी जागा होतो आणि ‘भ’ चा शेवटचा बाइट अदृश्य संयोगचिन्ह होतो. बिघडलेला मजकूर ईमेलमध्ये चिकटवला किंवा त्यातल्या जागा ‘साफ’ केल्या, की ‘ठ’ ची खास जागा साधी होते आणि ‘भ’ चे चिन्ह नाहीसे होते. म्हणून दुरुस्ती नेहमी फाइलवरच करावी, चिकटवलेल्या मजकुरावर नव्हे. तपासताना जोडाक्षरे, पहिला उकार, ए, झ, ठ आणि भ असलेले शब्द आधी शोधावेत. ते शाबूत असतील, तर बाकीचाही मजकूर बहुधा शाबूत असतो.

काही फाइलींवर हा उपाय चालत नाही. सगळीकडे `????` दिसत असेल आणि ती फाइल तशीच सेव्ह झालेली असेल, तर मराठी खरोखरच गेली. एक्सेलमधून मराठी मजकूर साध्या `CSV (Comma delimited)` प्रकारात सेव्ह केला की हेच होते : विंडोज-१२५२ मध्ये न बसणाऱ्या प्रत्येक चिन्हाच्या जागी एकच प्रश्नचिन्ह लिहिले जाते आणि मूळ चिन्ह कोणते होते याचा मागमूस राहत नाही. तिथे जुनी प्रत शोधणे एवढाच मार्ग उरतो. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत असतील, तर मात्र फॉन्टच पाहावा. आणि `à¤` कुठेच नसून साध्या इंग्रजी अक्षरांची अर्थहीन मांडणी दिसत असेल, तर मजकूर बहुधा श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. त्याला त्या त्या फॉन्टचा युनिकोड परिवर्तक लागतो. तिथे ANSI ची फेरी उपयोगाची नाही.

म्हणून वाचनालयाने पुढच्या वेळी यादी काढून घेताना दोन गोष्टी कराव्यात. फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे का, हे देणाऱ्याला विचारावे. आणि आलेली पहिली फाइल न उघडता, न बदलता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. पुढे काहीही बिघडले, तरी सुरुवात तिथूनच करता येईल.