हिशेबाचा आकडा आणि पुरवठादाराची अट

माल एका वेळी किती मागवावा, हे ठरवण्याचे सर्वांत जुने आणि आजही वापरात असलेले सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने 1913 मध्ये मांडले. वारंवार थोडा थोडा माल मागवला तर प्रत्येक वेळचा मागणीखर्च वाढतो आणि एकदम भरपूर मागवला तर साठ्यात पैसा अडकतो. या दोन्ही खर्चांची बेरीज जिथे सर्वांत कमी होते, तो आकडा हे सूत्र देते:

Q = √(2DS/H)

यात D म्हणजे वर्षाचा खप, S म्हणजे एका मागणीचा खर्च आणि H म्हणजे एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च. सूत्रात पुरवठादार मात्र कुठेच नाही. प्रत्यक्षात त्याच्या दोन अटी असतात. ठरावीक आकड्यापेक्षा कमी माल तो देत नाही (व्यवहारात याला एमओक्यू म्हणतात) आणि जो देतो तो पूर्ण खोक्यांतच देतो. हिशेबाने काढलेला आकडा या अटींमुळे बदलतो. कधी या बदलाने फारसे बिघडत नाही, तर कधी सगळा हिशेबच निकामी होतो.

मसाल्याच्या एका छोट्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. तो कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट विकतो. दोन्हींचे पाउच छापील असून एका पाउचची किंमत 3 रुपये आहे. अडकलेल्या पैशाचे व्याज, जागा आणि खराबी मिळून वर्षाला 20 टक्के, म्हणजे पाउचमागे 60 पैसे सांभाळणीचा खर्च धरू. भाव ठरवणे, छपाईचा नमुना मंजूर करणे, टेम्पोचे भाडे आणि माल तपासून घेणे यांसाठी प्रत्येक मागणीला 1,500 रुपये लागतात असे मानू. कांदा-लसूण मसाल्याला वर्षाला 80,000 पाउच लागतात. सूत्राचे उत्तर येते 20,000. मेतकुटाला 3,200 लागतात, त्याचे उत्तर 4,000.

आता छपाईवाल्याची अट पाहू. एका डिझाईनचे किमान 25,000 पाउच आणि खोक्यात 2,000. ही अट आडमुठेपणाने घातलेली नसते. असे पाउच बहुधा ग्रॅव्हूर पद्धतीने छापतात. त्यात प्रत्येक रंगासाठी कोरलेला वेगळा सिलिंडर मशीनवर चढवावा लागतो आणि सगळे रंग एकमेकांवर अचूक बसेपर्यंत बरीच फिल्म वाया जाते. हा खर्च पाउच 5,000 छापले काय किंवा 50,000 छापले काय, जवळजवळ तितकाच येतो. म्हणूनच किमान आकडा डिझाईनमागे असतो आणि गिऱ्हाइकाचा त्या वस्तूचा खप किती आहे, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

दोन अटी लावण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी हिशेबाचा आकडा किमान मागणीपर्यंत वर न्यायचा आणि मग खोक्यांच्या पटीत बसवायचा. 25,000 ला 2,000 ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून प्रत्यक्ष मागणी 26,000 ची होते. उलट क्रमाने गेल्यास 20,000 ही दहा खोकी नेमकी बसतात, मग किमान अटीमुळे आकडा 25,000 होतो आणि साडेबारा खोक्यांची मागणी पुरवठादाराकडून परत येते.

कांदा-लसूण मसाल्यासाठी 20,000 ऐवजी 26,000 मागवल्याने किती बिघडते? सूत्राप्रमाणे वर्षाचा एकूण खर्च 12,000 रुपये होता, तो सुमारे 12,415 होतो. मागणी 30 टक्क्यांनी फुगली, पण खर्च जेमतेम साडेतीन टक्के वाढला. कारण योग्य आकड्याच्या आसपास खर्चाचा आलेख जवळजवळ सपाट असतो. अगदी दुप्पट माल मागवला तरी हा खर्च 25 टक्केच वाढतो. भरभर खपणाऱ्या वस्तूसाठी पुरवठादाराशी खोक्याच्या आकारावरून घासाघीस करण्यात फारसा अर्थ नाही.

मेतकुटाचे गणित अगदी वेगळे आहे. तिथे 4,000 च्या जागी 26,000 पाउच येतात. हा आठ वर्षांहून अधिक काळाचा साठा आहे आणि त्यात 78,000 रुपये अडकतात. वर्षाचा खर्च 2,400 रुपयांवरून सुमारे 7,985 रुपयांवर जातो, म्हणजे तिपटीहून जास्त. शिवाय सूत्राला न दिसणारा एक धोका आहे. कारखान्याचा पत्ता, परवाना क्रमांक किंवा घटकांची यादी बदलली की छापील पाउच रद्दीत जातात. आठ वर्षांत यातले काहीच बदलणार नाही, असे कोणताही उद्योजक सांगू शकणार नाही. म्हणून मागणीचा आकडा कधीही नुसत्या नगांत वाचू नये. त्याला वर्षाच्या खपाने भागून तो किती महिने पुरेल ते पाहावे आणि ती मुदत मालाच्या किंवा छपाईच्या आयुष्याशी ताडून पाहावी. बिघाड ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे, आणि बहुतेक संगणकीय पत्रकांत नेमका हाच रकाना नसतो.

मेतकुटासाठी साधा पाउच घेऊन त्यावर छापील स्टिकर लावता येतो. चिकटवण्याच्या मजुरीसह एक पाउच साडेतीन रुपयांना पडला, तर वर्षाला 1,600 रुपये जास्त मोजावे लागतील. मात्र डिझाईनमागची किमान अट सुटते. सांभाळणीचा खर्च आता पाउचमागे 70 पैसे होतो आणि मागणीचा खर्च तितकाच धरल्यास सूत्र सुमारे 3,700 पाउच सांगते. साधे पाउच 3,000 च्या गठ्ठ्यात मिळत असतील, तर एक गठ्ठा घ्यावा की दोन?

माल कमी पडू नये म्हणून अशा वेळी आकडा वर नेण्याची सवय असते. ती इथे चुकीची ठरते. एका गठ्ठ्याने खर्च योग्य आकड्यापेक्षा सुमारे 2 टक्के वाढतो, तर दोन गठ्ठ्यांनी 12 टक्के. एक आणि दोन गठ्ठ्यांमधली सीमा दीड गठ्ठ्यावर नसून 1.41 गठ्ठ्यांवर असते, कारण इथे फरकापेक्षा गुणोत्तर मोजायचे असते. एकच गठ्ठा घेतल्याने तुटवडाही येत नाही. मागणी केव्हा करायची ती पातळी वेगळी ठरलेली असते आणि गठ्ठा लहान झाल्याने ती पातळी खाली येत नाही. फक्त पुढची मागणी थोडी लवकर जाते. एकूण खर्च, जादा किमतीसह, सुमारे 4,250 रुपये होतो. छापील पाउचच्या 7,985 रुपयांच्या तुलनेत तो निम्म्याच्या आसपास आहे आणि रद्दीचा धोकाही जवळपास संपतो.

किमान मागणीचा परिणाम सुरक्षित साठ्यावरही होतो, आणि याकडे सहसा लक्ष जात नाही. माल संपण्याची भीती मुख्यतः मागणी दिल्यापासून माल येईपर्यंतच्या काळात असते. वर्षातून चारदा मागवणाऱ्याला ती चारदा असते, तर आठ वर्षांचा माल एकदम घेणाऱ्याला आठ वर्षांत एकदाच. तरीही दोघांच्या पत्रकात राखीव साठ्याचा आकडा एकाच नियमाने भरलेला दिसतो. जिथे किमान अटीमुळे मोठी मागणी टाळताच येत नाही, तिथे हा राखीव साठा नव्याने मोजून कमी करता येतो आणि अडकलेल्या पैशाचा काही भाग तरी मोकळा होतो.