सूक्ष्मदर्शकाखाली : चार जांभळ्या स्लाइड्स

मागच्या आठवड्यात आपण नळीसारख्या अवयवांच्या स्लाइड्स पाहिल्या. तिथे आतल्या पोकळीपासून बाहेरच्या दिशेने एकेक थर ओळखत गेले की उत्तर बहुधा सापडते. आजच्या चार अवयवांत पोकळीही नाही आणि ओळीने लागलेले थरही नाहीत. लिम्फ नोड, प्लीहा, थायमस आणि टॉन्सिल हे ते चार अवयव. वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेत यांची अदलाबदल नेहमी होते आणि त्याचे कारण स्लाइडमध्येच आहे. चारही अवयव लिम्फोसाइट्सनी खच्चून भरलेले असतात. लिम्फोसाइटमध्ये केंद्रक मोठे आणि भोवतीचा पेशीरस अगदी नावापुरता असतो. हिमॅटॉक्सिलिन केंद्रकाला निळसर जांभळे करते, इओसिन पेशीरसाला आणि तंतूंना गुलाबी करते. जिथे पेशीरसच नाही तिथे गुलाबी दिसणार कुठून? म्हणून चारही स्लाइड्स नुसत्या डोळ्यांनीही जांभळ्या दिसतात, आणि ४० च्या भिंगाखाली तर चारही ठिकाणी तेच गोल, गडद ठिपके दिसतात.

यातून पहिला नियम निघतो : ओळख कमी मोठेपणावर करायची, मोठ्या भिंगाने फक्त खात्री करायची. बरेच विद्यार्थी उलटे करतात. घाईत थेट ४० चे भिंग लावतात आणि एकसारख्या ठिपक्यांच्या समुद्रात एखादी खूण शोधत बसतात. वेळ कमी आहे, मग लहान भिंगापासून सुरुवात कशी परवडेल, असा प्रश्न साहजिक आहे. पण वेळ वाचतो तो लहान भिंगानेच. ४ च्या भिंगाखाली अवयवाची कड, आतली विभागणी आणि गडद-फिक्या भागांची मांडणी एका नजरेत येते, आणि हे चार अवयव एकमेकांपासून वेगळे होतात ते मांडणीमुळे, पेशींमुळे नाही. मोठ्या भिंगाखाली हीच मांडणी नजरेबाहेर जाते.

दुसरा प्रश्न असा की मांडणीत नेमके काय पाहायचे. इथे माझे मत स्पष्ट आहे : जी खूण अवयवाच्या कामातून आलेली आहे, तिच्यावरच विसंबावे. टॉन्सिल घशात असते, म्हणून तिच्या एका बाजूला घशाचे आवरण, म्हणजे बहुस्तरीय चपट्या पेशींचे एपिथेलियम असणारच, आणि ते खोल खाचांमधून आत उतरलेले असणार. या खाचांना आपण क्रिप्ट म्हणतो. थायमसमध्ये टी-पेशी परिपक्व होतात. बी-पेशींचे गोल पुंजके, म्हणजे फॉलिकल, तिथे नसतात. तिथे कॅप्सूलमधून आत गेलेल्या पडद्यांनी लहान लहान खंड पाडलेले असतात आणि प्रत्येक खंडाची कड गडद, मध्य फिका असतो. लिम्फ नोड लसिका गाळतो. ही लसिका कॅप्सूल भेदून आत येते, म्हणून कॅप्सूलच्या लगेच खाली तिच्यासाठी फिकी, मोकळी पट्टी असते : सबकॅप्सुलर सायनस. प्लीहा मात्र रक्त गाळते. म्हणून तिथे ही पट्टी नाही. त्याऐवजी गोल गडद पुंजके सगळीकडे विखुरलेले, प्रत्येकाजवळ किंवा आत एक बारीक रोहिणी, आणि मधल्या जागेत लाल रक्तपेशींनी भरलेला लालसर भाग.

या चार खुणा प्रश्नांच्या रूपात ओळीने विचाराव्यात, आणि उत्तर ‘हो’ आले की थांबावे. कडेला एपिथेलियम आहे का? असेल तर टॉन्सिल. नसेल तर, अवयवाचे खंड पडलेत का आणि प्रत्येक खंड कडेला गडद, मध्ये फिका आहे का? असेल तर थायमस. नसेल तर, कॅप्सूलखाली फिकी पट्टी आहे का, आणि अवघा अवयव मिळून बाहेर गडद, आत फिका अशी एकच विभागणी आहे का? असेल तर लिम्फ नोड. यातले काहीच नसेल आणि पुंजके कॉर्टेक्स-मेड्युला असा भेद न पाळता पसरलेले असतील तर प्लीहा. हा क्रम मनमानी नाही. सर्वांत लहान भिंगाखाली सर्वांत आधी दिसते ती खूण सर्वांत आधी विचारली आहे. प्लीहेचे उत्तर मात्र केवळ उरले म्हणून देऊ नये. १० चे भिंग लावून पुंजक्यातली रोहिणी पाहिल्यावरच ते पक्के करावे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. प्रत्येक अवयवाला एकेक हमखास खूण असताना एवढी प्रश्नावली कशाला? थायमस म्हटले की हॅसल कॉर्पसल आणि लिम्फ नोड म्हटले की जर्मिनल सेंटर, असे पाठ करून भागत नाही का? भागत नाही. जर्मिनल सेंटर, म्हणजे फॉलिकलच्या मध्यातला फिका भाग, लिम्फ नोडमध्ये असतो तसाच टॉन्सिलमध्ये असतो आणि प्लीहेतही असू शकतो. चारपैकी तीन ठिकाणी सापडणारी खूण वेगळेपण सिद्ध करत नाही. हॅसल कॉर्पसल खरोखर फक्त थायमसचे आहे, ते दिसले तर निर्णय झालाच. पण लहान बालकाच्या थायमसमध्ये ही वर्तुळे लहान असतात आणि एखाद्या छेदात चटकन नजरेला येत नाहीत. ते दिसत नाही म्हणून थायमस नव्हे, असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी फसतो. खंडांची मांडणी आणि फॉलिकलचा अभाव या दोन गोष्टी मात्र त्या स्लाइडवर तशाच असतात. नसलेली गोष्टही पुरावा असते, हे या चार स्लाइड्समध्ये विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आणखी एक सवय धोक्याची आहे : कॉलेजच्या पेटीतली स्लाइड तिच्या रंगावरून, फाटलेल्या कोपऱ्यावरून किंवा तुकड्याच्या आकारावरून ओळखणे. वर्षभर तीच पेटी हाताळल्यावर हे आपोआप घडते आणि अंतर्गत परीक्षेत बरोबरही ठरते. पण रंगाची छटा छेदाची जाडी आणि रंगवण्याचा वेळ यांवर ठरते. दुसऱ्या पेटीतली स्लाइड किंवा प्रश्नपत्रिकेत छापलेले छायाचित्र समोर आले की ही ओळख कोसळते.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समोर जांभळट स्लाइड आहे, मध्ये मध्ये लालसर झाक. ४ च्या भिंगाखाली एका कडेला जाड गुलाबी कॅप्सूल दिसते आणि तिच्यातून गुलाबी पट्टे, म्हणजे ट्रॅबेक्युला, आत गेलेले दिसतात. कडेला एपिथेलियम नाही, म्हणून टॉन्सिल गेली. पट्टे तुटक आहेत, त्यांच्यामुळे खंड पडलेले नाहीत, म्हणून थायमस गेला. गोल पुंजके आहेत, त्यामुळे घाईत लिम्फ नोड लिहिण्याचा मोह होईल. इथेच थांबून कॅप्सूलच्या खालची जागा पाहायची. फिकी पट्टी नाही. पुंजके कडेलाच नाहीत, आतही तितकेच आहेत. १० चे भिंग लावल्यावर एका पुंजक्यात लहान गुलाबी भिंतीची रोहिणी दिसते, पण मध्यात नाही, एका बाजूला सरकलेली. नाव सेंट्रल आर्टेरिओल असले तरी पुंजक्यात जर्मिनल सेंटर तयार झाले की ती बाजूला ढकलली जाते. ही प्लीहा आहे.

आणि इथून चित्राचा भाग सुरू होतो. या लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे : ज्या क्रमाने ओळखले, त्याच क्रमाने काढावे. आधी पेन्सिलीने आयताची चौकट, वरच्या कडेला जाड कॅप्सूल, तिच्यातून उतरणारे दोन ट्रॅबेक्युला. मग कमीजास्त आकाराची तीन वर्तुळे, एक कॅप्सूलजवळ आणि दोन आत, म्हणजे कॉर्टेक्स-मेड्युला हा भेद नाही हे चित्रच सांगेल. प्रत्येक वर्तुळात एका बाजूला रोहिणीचे छोटे कडे. एवढे झाले की ओळख पटवणारा सगळा भाग कागदावर आला. मग एच अँड ई पेन्सिलीच्या जांभळ्या टोकाने वर्तुळांत दाट ठिपके, बाहेरच्या लाल भागात विरळ ठिपके आणि मध्ये सायनुसॉइडच्या लांबट मोकळ्या जागा. गुलाबी टोकाने कॅप्सूल, ट्रॅबेक्युला, रोहिणीची भिंत आणि लाल भागाची हलकी छटा. नावे एकाच बाजूला, पट्टीने ओढलेल्या, एकमेकींना न छेदणाऱ्या रेषांवर : कॅप्सूल, ट्रॅबेक्युला, व्हाइट पल्प, सेंट्रल आर्टेरिओल, रेड पल्प. सहा मिनिटे हाताशी असतील तर रेखाटनाला दोन, ठिपक्यांना अडीच आणि नावे व ओळखीच्या कारणांना दीड, अशी वाटणी करावी. वेळ संपत आलाच तर ठिपके अर्धे सोडावेत, पण रोहिणी आणि नावे राहून जाऊ देऊ नयेत. ठिपक्यांपासून सुरुवात करणाऱ्यांचे नेमके हेच होते.

परीक्षक सुबक चित्रालाच गुण देतात, असे काहींना वाटते. सुबकपणा नाकारण्याचे कारण नाही. पण सुंदर ठिपक्यांच्या चित्रात रोहिणी नसेल तर ते लिम्फ नोडचेही असू शकते, आणि मग परीक्षकाला केवळ शीर्षकावर विश्वास ठेवावा लागतो. याउलट पाच ठळक रेषांचे साधे चित्र शीर्षक झाकले तरी ओळखता येते. स्वतःच्या चित्राला हीच कसोटी लावावी : शीर्षक झाकून ते शेजारच्या मित्राला दाखवावे.

पुस्तकातले चित्र काढायचे की समोरचे, हा प्रश्नही सोडवायला हवा. पुस्तकातले चित्र बहुधा अनेक छेदांतली वैशिष्ट्ये एकत्र करून तयार केलेले असते. ‘प्लीहेची सूक्ष्म रचना आकृतीसह लिहा’ असे विचारले असेल तर ते एकत्रित चित्र योग्य आहे. पण स्लाइड किंवा छायाचित्र दिले असेल तर त्यात जे दिसते तेच काढावे आणि त्यालाच नाव द्यावे. समोर नसलेले जर्मिनल सेंटर काढले की स्लाइड पाहिलीच नाही हे उघड होते.

ही पद्धत जिथे अपुरी पडते तेही सांगायला हवे. छेद तिरका कॉर्टेक्समधूनच गेला असेल तर लिम्फ नोडमध्ये मेड्युला दिसणारच नाही. तेव्हा कॅप्सूलखालच्या पट्टीवरच निर्णय द्यावा लागतो. प्रौढ माणसाच्या थायमसमध्ये बराच भाग चरबीने व्यापलेला असतो आणि खंड विस्कळीत दिसतात. तिथे मात्र हॅसल कॉर्पसल शोधण्यासाठी मोठे भिंग लावणे योग्यच आहे, आणि वयानुसार ही वर्तुळे मोठी झालेली असल्याने सापडतातही. छापील छायाचित्रात कड न दाखवता फक्त मधला भाग दिला असेल तर पहिले तीन प्रश्न निरुपयोगी ठरतात. अशा वेळी रोहिणी, हॅसल कॉर्पसल किंवा क्रिप्टचा तुकडा यांपैकी जे दिसेल त्यावर उत्तर द्यावे आणि कारणात तेवढेच लिहावे.

पुढच्या भागात लाळग्रंथी आणि स्वादुपिंड घेऊ. त्याआधी जर्नल मिटून, या चारही अवयवांची फक्त दोन मिनिटांची रेखाटने एका कागदावर काढून ठेवा. ठिपके नकोत, रंग नकोत, शीर्षकही नको.