पेपर पुन्हा तपासायला टाकला आणि मार्क कमी झाले तर? शेवटी गुणपत्रिकेवर कोणते मार्क राहतात, समजून घ्या

मुकुंदवाडी (छत्रपती संभाजीनगर) : दहावी-बारावीचा निकाल लागला की ऑनलाइन सेंटरवर दोन प्रकारची गर्दी होते. एक प्रवेशाची आणि दुसरी पेपर पुन्हा तपासायला टाकणाऱ्यांची. या दुसऱ्या गर्दीत एक समज अगदी पक्का असतो. 'टाकून बघू, वाढले तर वाढले, नाही तर आहेत तेवढे राहतील.' हा समज धोक्याचा आहे. पुन्हा तपासणीत मार्क कमीही होऊ शकतात, आणि कमी झाले तर 'माझे जुनेच राहू द्या' असं म्हणायची सोय नसते.

ही अट सगळ्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे ती सीबीएसईच्या नियमात. नवोदय, केंद्रीय विद्यालय आणि बऱ्याच इंग्रजी शाळांतली आपल्या जिल्ह्यातली मुलं याच बोर्डाची परीक्षा देतात. म्हणून आधी हा नियम बघू, मग राज्य मंडळाकडे येऊ.

नियम काय सांगतो?

सीबीएसईचं म्हणणं थोडक्यात असं. पुन्हा तपासणीनंतर मार्क वाढले तर वाढलेले धरायचे आणि कमी झाले तर कमी झालेले धरायचे. एक मार्क कमी झाला तरी तो कापला जातो. मार्क बदलले की हातातली जुनी गुणपत्रिका जमा करावी लागते आणि नव्या मार्कांची गुणपत्रिका मिळते. पुनर्मूल्यांकनाच्या निकालावर पुढे अपील चालत नाही.

म्हणजे एकाच विषयाचे दोन मार्क कधीच सोबत राहत नाहीत. नवे आले की जुने रद्द. जुन्या गुणपत्रिकेची झेरॉक्स घरात असली तरी प्रवेशाच्या कागदात ती चालवता येत नाही, कारण बोर्डाच्या नोंदीत आता वेगळे मार्क असतात.

श्रेणीसुधार परीक्षेची गोष्ट निराळी. राज्य मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेत पास झालेला मुलगा पुन्हा परीक्षेला बसतो. तिथं मार्क सुधारले नाहीत तर त्याचा पहिला निकाल शाबूत असतो. लोक या दोन गोष्टींची सरमिसळ करतात आणि तिथंच फसतात. श्रेणीसुधारमध्ये पेपर नवा लिहिलेला असतो. पुनर्मूल्यांकनात पेपर तोच, फक्त तपासणारा दुसरा.

मार्क कमी होतात ते कसे?

पहिलं कारण म्हणजे पहिल्या तपासणीस सरांचा हात सैल असणं. पाच मार्कांच्या उत्तरात सूत्र बरोबर, आकृती अर्धवट, शेवटचं उत्तर चूक. एक सर तीन देतात, दुसरे नमुना उत्तरपत्रिकेतल्या पायऱ्या मोजून दोन देतात. दोघांपैकी कुणी अन्याय केला असं म्हणता येत नाही. पण धरले जातात ते दुसऱ्या सरांचे.

दुसरं कारण बेरजेचं. आतल्या पानांवरचे मार्क पहिल्या पानावर उतरवताना चूक होते. ही चूक नेहमी मुलाच्या तोट्याचीच असते असं नाही. तीनच्या जागी पाच उतरले गेले असतील, किंवा 'दोनपैकी एक सोडवा' या प्रश्नात मुलानं दोन्ही सोडवले आणि दोन्हींचे मार्क धरले गेले असतील, तर पुन्हा बघताना ते कमी होणारच.

म्हणून 'मी फक्त बेरीज बघायला सांगितली, त्यात कसले कमी होतील?' हेही खरं नाही. गुणपडताळणीत उत्तर नव्यानं वाचलं जात नाही. बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, मार्क नीट उतरवले का, एवढंच बघतात. पण बेरीज जास्त धरलेली निघाली तर ती खाली येते.

एक उदाहरण मांडून बघू

समजा, सीबीएसई बारावीच्या एका मुलीला भौतिकशास्त्राच्या लेखी पेपरात 70 पैकी 24 मार्क आहेत आणि प्रात्यक्षिकात 30 पैकी 28. बेरीज 52, म्हणजे पास. पण सीबीएसईत लेखी आणि प्रात्यक्षिक वेगवेगळं पास व्हावं लागतं. लेखीत 70 पैकी 23 मार्क लागतात. म्हणजे ही मुलगी काठावरून फक्त एका मार्कानं वर आहे.

ती उत्तरपत्रिकेची प्रत मागवते. 2025 साली बारावीसाठी एका विषयाच्या प्रतीची फी 700 रुपये होती, दहावीसाठी 500. प्रत आल्यावर तिला तीन गोष्टी दिसतात. एका पाच मार्कांच्या उत्तराला तीन मिळाले आहेत, तिला चार हवे होते. एका तीन मार्कांच्या उत्तराला दोन मिळाले, तिला तीन हवे होते. आणि मागच्या पानावर लिहिलेल्या एका तीन मार्कांच्या उत्तरावर लाल पेनची खूणच नाही, म्हणजे ते तपासायचंच राहिलं.

आता तिच्यापुढं दोन रस्ते आहेत. पहिला, त्या दोन प्रश्नांचं पुनर्मूल्यांकन मागायचं. 2025 मध्ये याची फी दर प्रश्नाला 100 रुपये होती. दुसरे सर कडक निघाले आणि तिनाचे दोन, दोनाचा एक केला, तर लेखीचे 24 चे 22 होतात. प्रात्यक्षिकाचे 28 मिळवून बेरीज 50 होते, पण लेखीत 23 च्या खाली गेल्यानं त्या विषयात ती नापास. दोनशे रुपये भरून पास झालेल्या पोरीवर जुलैच्या पुरवणी परीक्षेची वेळ येते.

दुसरा रस्ता, फक्त गुणपडताळणी मागायची. 2025 मध्ये याची फी एका उत्तरपत्रिकेला 500 रुपये होती. जे उत्तर तपासायचं राहिलं, त्याला मार्क द्यावेच लागतात. उत्तर बरोबर असेल तर 24 चे 27 होतील, आणि आधीच तपासलेल्या उत्तरांना कुणी हात लावत नाही. फी जास्त, पण धोका कमी.

तरी एक काम घरी आधी करायचं. पेन्सिल घेऊन आतल्या सगळ्या मार्कांची बेरीज करायची. घरची बेरीज गुणपत्रिकेपेक्षा जास्त येत असेल तर पडताळणीत फायदा. तेवढीच आली तर बेरजेतून मिळण्यासारखं काही नाही. कमी आली, तर पडताळणी टाकली की मार्क खाली येणार हे समजून चालायचं.

राज्य मंडळाच्या मुलांनी काय करायचं?

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोली या पाच जिल्ह्यांच्या दहावी-बारावीचा कारभार संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडे आहे. इथं तीन पायऱ्या आहेत. 2025 च्या निकालानंतर गुणपडताळणीला दर विषयाला 50 रुपये, उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीला दर विषयाला 400 रुपये आणि पुनर्मूल्यांकनाला दर विषयाला 300 रुपये फी होती. पडताळणी आणि छायाप्रतीचा अर्ज निकालानंतर ठरलेल्या मुदतीतच ऑनलाइन भरायचा असतो. मुदत साधारण पंधरा दिवसांची असते.

पुनर्मूल्यांकन थेट टाकता येत नाही. आधी छायाप्रत घ्यावीच लागते आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. बऱ्याच पालकांना ही उगाच लावलेली फेरी वाटते. पण खरं तर सगळा निर्णय याच पाच दिवसांत घ्यायचा असतो. छायाप्रत हातात असते, पैसे भरलेले नसतात आणि मार्क अजून जागचे हललेले नसतात. छायाप्रत मागितल्यानं मार्क कमी होत नाहीत. धोका सुरू होतो तो पुढच्या अर्जावर सही केल्यावर.

इथं आणखी एक फरक लक्षात घ्या. सीबीएसईत एकेका प्रश्नाचे पैसे भरून तोच प्रश्न पुन्हा तपासायला देता येतो. राज्य मंडळात फी विषयाची आहे. म्हणजे ज्या उत्तरावर आपला आक्षेप आहे तेवढंच नव्हे, तर ज्या उत्तरांना आधीच सढळ मार्क मिळाले आहेत तीही दुसऱ्या सरांच्या नजरेखाली जातील असं धरून चालावं. अर्जातलं हमीपत्र सेंटरवाल्या पोराला भरू न देता स्वतः वाचा, आणि मगच सही करा.

त्या पाच दिवसांत छायाप्रत घेऊन त्या विषयाच्या सरांकडं जा. 'मार्क वाढतील का?' असं विचारू नका, त्याला कुणीही 'बघा टाकून' म्हणेल. 'सर, तुम्ही हा पेपर पहिल्यापासून तपासला तर किती मार्क द्याल?' असं विचारा. शक्य असेल तर आधीचे मार्क झाकून दाखवा. सरांचे मार्क बोर्डापेक्षा स्पष्ट जास्त आले तर टाका. एक-दोन मार्कांचाच फरक आला, तर दुसऱ्या तपासणीत तो तितक्याच सहज उलटाही जाऊ शकतो.

कोर्टात गेलं तर?

उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क तसा अलीकडचा आहे. 1984 साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राच्याच मंडळाच्या खटल्यात मंडळाची बाजू मान्य केली. गुणपडताळणी मिळेल, पण उत्तरपत्रिका बघायला किंवा पुन्हा तपासून मागायला विद्यार्थ्याला हक्क नाही, असा तो निकाल होता. पुढं माहिती अधिकाराचा कायदा आला आणि ऑगस्ट 2011 मध्ये याच न्यायालयानं सीबीएसईच्या खटल्यात सांगितलं, की विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते.

पण बघण्याचा हक्क मिळाला म्हणून मार्क वाढवून घेण्याचा हक्क मिळाला असं नाही. पुन्हा तपासणी बोर्डाच्या नियमात असेल तरच आणि त्या नियमाच्या अटींवरच होते. स्वतः अर्ज करून, अट मान्य करून मार्क कमी झाले असतील, तर जुने परत मागायला कोर्टात फारसा आधार उरत नाही.

फी आणि तारखा दरवर्षी बदलू शकतात, त्यामुळं त्या त्या वर्षाचं बोर्डाचं परिपत्रक बघूनच अर्ज भरावा. ज्याला एका-दोन मार्कांनी पास किंवा प्रवेशाची अट पार करता आली आहे, त्यानं छायाप्रत जरूर घ्यावी, पण पुनर्मूल्यांकनाचा अर्ज दहादा विचार करून टाकावा. ज्याचं उत्तर तपासायचंच राहिलंय किंवा बेरीज कमी धरली गेलीय, त्यानं मात्र घाबरून मुदत घालवू नये.