‘नमन’चे ‘दमन’ झाले तेव्हा

मद + दम = नमन. वाचायला हे सुभाषितासारखे वाटते, पण ही साधी बेरीज आहे. प्रत्येक अक्षराच्या जागी 0 ते 9 मधला एक अंक घालायचा. सारख्या अक्षराला सारखा अंक, वेगळ्या अक्षराला वेगळा, आणि कोणतीही संख्या शून्याने सुरू होत नाही. या जातीच्या कोड्यांमधले सर्वांत गाजलेले उदाहरण हेन्री ड्यूडनी या इंग्रज कोडेकाराचे. 1924 साली ‘स्ट्रँड’ मासिकात त्याने ‘सेंड’ आणि ‘मोअर’ या इंग्रजी शब्दांची बेरीज ‘मनी’ अशी मांडली होती. त्या मानाने आपली बेरीज अगदी लहान आहे, आणि चूक कशी होते हे बघायला लहान कोडेच बरे.

आधी ती सोडवू. दोन अंकी दोन संख्यांची बेरीज फार तर 198 होते, म्हणून तीन अंकी उत्तराचा पहिला अंक 1 च असणार. म्हणजे न = 1. एककाच्या स्थानी द आणि म मिळवून शेवटी न, म्हणजे 1, यायला हवा. दोघांची बेरीज नुसती 1 असेल तर त्यातला एक शून्य ठरतो, आणि तो एखाद्या संख्येच्या सुरुवातीला येतो. ते चालत नाही. म्हणून द + म = 11, हातचा एक. दशकाच्या स्थानी पुन्हा तीच दोन अक्षरे, म्हणून 11 आणि हातचा 1 मिळून 12. बेरीज झाली 121, म = 2, द = 9. 29 + 92 = 121. दुसरे उत्तर असूच शकत नाही.

आता समजा, हे कोडे एखाद्या मासिकाच्या अंकात छापले गेले आणि अक्षरजुळणीत ‘नमन’चे ‘दमन’ झाले. मुद्रितशोधकाची नजर त्यावरून सहज पुढे जाईल, कारण ‘दमन’ हा शुद्ध, नेहमीचा शब्द आहे. शेजारी ‘मद’ आणि ‘दम’ असताना तर तो अर्थालाही शोभतो. शब्दकोशात सापडणाऱ्या चुकीला व्याकरण पकडू शकत नाही. ती पकडायची तर कोडे सोडवून बघावे लागते.

वाचक ते सोडवायला बसतो. बेरजेचा पहिला अंक 1, म्हणून द = 1. दुसरीकडे, म आणि 1 या अंकांच्या ‘म1’ आणि ‘1म’ या दोन संख्या मिळून शंभराच्या वर जायला हव्यात. 81 आणि 18 मिळून 99 होतात, तेव्हा म = 9 हा एकच मार्ग उरतो. 91 + 19 = 110. पण छापील शब्दात मधले अक्षर म आहे, म्हणजे तिथे 9 हवा, आणि आपल्याकडे आला 1. वाट बंद.

इथे ही वाट चार ओळींत बंद झाली, म्हणून निदान कळले तरी. सुडोकूत एक दिलेला अंक चुकीचा पडला, तर तो आपल्या ओळीत, स्तंभात आणि चौकटीत दोनदा आला नसेल तोवर वरवर काहीच खटकत नाही. वाचक तीस-चाळीस घरे भरतो, आणि मग एका घरात कोणताच अंक बसत नाही. तोवर कागद खाडाखोडीने भरलेला असतो. अशा वेळी बहुतेक माणसे स्वतःलाच दोष देतात. छापलेले कोडे बरोबरच असणार, आपणच कुठेतरी घसरलो, असे धरून ती पहिल्यापासून सुरू करतात. शब्दकोड्यात एवढी आफत येत नाही. तिथे एखादा संकेत चुकला तरी आडव्या-उभ्या शब्दांची अक्षरे एकमेकांना सांभाळून घेतात. अंकांच्या कोड्यात तशी सैलता नसते.

म्हणून दुरुस्तीच्या ईमेलचे पहिले काम वाचकाला दोषमुक्त करणे हे आहे. माझ्या मते ते असे असावे:

> विषय: दुरुस्ती – या अंकातील अक्षरांची बेरीज छापल्याप्रमाणे सुटत नाही
>
> सप्रेम नमस्कार,
>
> या अंकातील ‘अक्षरांची बेरीज’ हे कोडे ज्या रूपात छापले गेले, त्या रूपात त्याला उत्तर नाही. तुम्हाला ते सुटले नसेल, तर तुमचे काही चुकलेले नाही.
>
> छापलेले: मद + दम = दमन
> योग्य: मद + दम = नमन
>
> फक्त बेरजेच्या शब्दातले पहिले अक्षर बदलले आहे. नियम तेच आहेत. उत्तरे पाठवण्याची मुदत आठ दिवसांनी वाढवली आहे. छापील कोड्याला उत्तर नाही असे ज्यांनी कारणासह कळवले आहे, त्यांचे उत्तर बरोबर धरले जाईल.
>
> छापील कोडे का सुटत नाही, हे या पत्राच्या शेवटी लिहिले आहे. दुरुस्त कोडे आधी सोडवायचे असेल, तर तो भाग नंतर वाचा.
>
> आपला,
> कोडेकार

यातल्या काही गोष्टी मुद्दाम तशा आहेत. ‘दमनऐवजी नमन’ असे एका वाक्यात न लिहिता दोन ओळी वर-खाली दिल्या, कारण ‘ऐवजी’च्या वाक्यात घाईने वाचणारा कोणते जुने आणि कोणते नवे यात गोंधळतो. लिहिणाराही गोंधळतो, आणि मग दुरुस्तीचीच दुरुस्ती पाठवावी लागते. पूर्ण ओळ दोनदा दिल्याने वाचकाला जुना अंक शोधण्याचीही गरज राहत नाही. उत्तर कुठेही दिलेले नाही. ज्याला कोडे सुटले नाही त्याला ते सोडवण्याची संधी परत मिळायला हवी, उत्तर नको. सिद्धता शेवटी ठेवण्याचे कारणही तेच. ‘बेरजेचा पहिला अंक 1’ ही किल्ली चुकीच्या कोड्यालाही लागते आणि बरोबर कोड्यालाही, म्हणून ती आधी दाखवली तर अर्धी मजा गेली.

मुदतीचा आणि निकालाचा भाग अनेक कोडेकार गाळतात. ते मला पटत नाही. काही चाणाक्ष वाचक छापखान्यात काय झाले असेल ते ओळखून 29 + 92 = 121 असेच उत्तर पाठवतात. त्यांनाही गुण द्यावेत. पण छापलेले अशक्य आहे हे ज्याने दाखवून दिले, त्याने समोर असलेल्या कोड्याचे खरे उत्तर दिले, आणि पहिला मान त्याचा.

चूक होते कुठे? बहुतेक वेळा कोडेकाराच्या स्वतःच्या तपासणीत. तो मुद्रित हातात घेतो, मनात 29 आणि 92 असतातच, आणि तो अक्षरे न वाचता अंक वाचतो. आपल्या उत्तराशी छापील पान ताडून बघणे ही तपासणीच नव्हे. ज्याला उत्तर माहीत नाही अशा माणसाने फक्त छापील पानावरून कोडे सोडवले पाहिजे. दुरुस्तीचा मजकूर पाठवण्यापूर्वीही हेच करावे, कारण घाईत दुसरी चूक फार सहज होते.

समजा, दुरुस्तीत शेवटचे अक्षर चुकून ‘नमन’च्या जागी ‘नमक’ पडले. आता कोडे सुटते. 39 + 93 = 132 चालते, आणि 49 + 94 = 143 ही चालते. त्याच रांगेत 154, 165, 176 आणि 187 येतात. एकूण सहा उत्तरे, आणि सगळी नियमात बसणारी. न सुटणाऱ्या कोड्यापेक्षा ही चूक जास्त काळ लपते, कारण प्रत्येकाला एक उत्तर मिळते आणि तो समाधानाने वही मिटतो. बक्षीस जाहीर झाल्यावर मात्र भांडण लागते.

या जातीची सर्वांत मोठ्या आकाराची फजिती 2005 साली इंग्लंडमध्ये झाली. स्काय वन या वाहिनीने आपल्या सुडोकू कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी ब्रिस्टलजवळच्या चिपिंग सॉडबरी गावाजवळ टेकडीच्या उतारावर 275 फूट लांबी-रुंदीचे सुडोकू कोरले. खऱ्या सुडोकूला एकच उत्तर असावे लागते. या टेकडीवरच्या कोड्याला 1905 उत्तरे निघाली.

आणि एक कोडे असे, की ज्याची दुरुस्ती कधी येणारच नव्हती. 15 सोंगट्या सरकवून क्रमाने लावायच्या त्या चौकोनी पेटीने 1880 साली अमेरिकेला वेड लावले होते. तिच्या एका मांडणीत 14 आणि 15 या दोनच सोंगट्यांची अदलाबदल केलेली असे, अगदी दोन अक्षरे उलटी जुळावीत तशी. रिकामे घर पुन्हा आपल्या जागी आणायचे तर चालींची संख्या समच भरते, आणि सम चालींनी फक्त एका जोडीची अदलाबदल होऊ शकत नाही. या कोड्याचे गणित अमेरिकेतल्या एका गणिताच्या नियतकालिकात 1879 सालीच मांडले गेले होते. तरी सॅम लॉइड या कोडेकाराने पुढे ही पेटी आपलीच निर्मिती असल्याचे सांगितले आणि ही मांडणी सोडवणाऱ्याला 1000 डॉलरचे बक्षीस लावले. पैसे सुरक्षित होते. वाचकांची इतकी पक्की फसवणूक मी तरी दुसरी पाहिलेली नाही, आणि ज्याला तो विनोद वाटतो त्याने कोडी रचू नयेत.

वाचकांना एक विनंती. कोडे अडले तर आधी नव्या कागदावर, वेगळ्या जागेपासून सुरुवात करून बघा. पुन्हा तिथेच अडलात, आणि वाटेत कुठेही अंदाजाने अंक घातला नसेल, तर संपादकांना कळवा. मात्र ‘सुटत नाही’ एवढेच लिहू नका. छापलेल्या कोणत्या गोष्टीपासून निघालात आणि कोणत्या घरात काहीच बसेना, तेवढ्या तीन-चार ओळी लिहा. सरावासाठी मद + दम = मनन हे घ्या. यालाही उत्तर नाही, आणि का नाही हे तीन ओळींत लिहिता येते.