बायॉप्सीचा अहवाल हाती आल्यावर
कन्नड येथील एका कन्येचे डॉक्टरांस पत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,


माझ्या वडिलांच्या उजव्या गालाच्या आतील व्रणाचा बायॉप्सी अहवाल परवा मिळाला. वय ७१, तंबाखूची सवय चाळीस वर्षांची. अहवालात ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, मॉडरेटली डिफरन्शिएटेड, ग्रेड दोन’ असे लिहिले आहे. घरात सर्वांनी त्याचा अर्थ ‘कॅन्सर दुसऱ्या स्टेजला गेला’ असा लावला आणि रडारड झाली. मला समजले ते लिहिते. चुकत असल्यास सुधारावे.

गालाच्या आतील अस्तराच्या पेशींचा हा कर्करोग आहे, हे निश्चित झाले. ‘ग्रेड’ म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी मूळ पेशींपासून किती बदललेल्या दिसतात, याचे मोजमाप. ‘स्टेज’ म्हणजे गाठ किती मोठी व खोल आहे आणि मानेच्या गाठींत वा अन्यत्र पसरली आहे काय, याचा हिशेब. काढलेला तुकडा लहान असल्याने त्यावरून स्टेज ठरत नाही. मग ती कोणत्या तपासणीने ठरेल? चेहरा व मानेचा स्कॅन, छातीची तपासणी की आणखी काही? अहवालास किती दिवस लागतील?

शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास मानेच्या गाठीही काढाव्या लागतील काय? त्यानंतर वडिलांना तोंड किती उघडता येईल, भाकरी चावता येईल काय? काढलेल्या भागाच्या अंतिम अहवालावरून, म्हणजे कडा रोगमुक्त आहेत काय व किती गाठींत रोग आहे यावरून, पुढे किरणोपचार ठरतात, असे मी ऐकले आहे. ते सुमारे सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालणार असतील, तर कन्नडहून छत्रपती संभाजीनगरला रोजचे साठेक किलोमीटर जाणे-येणे त्यांना झेपणार नाही. राहण्याची सोय आधीच करावी लागेल. किरणांनंतर दात काढल्यास जबड्याचे हाड भरून येत नाही म्हणतात. तेव्हा त्यांचे किडके दात आताच काढावेत काय?

किरणांसोबत औषधोपचार लागल्यास त्यांचे मूत्रपिंड व कान यांची आधी तपासणी व्हावी, ही विनंती. त्यांना थोडे कमी ऐकू येते.

शेवटची गोष्ट मोठी आहे. नातेवाईक म्हणतात, ‘आण्णांना सांगू नका.’ परंतु शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही त्यांचीच होणार. पुढील भेटीत त्यांना माझ्यासमोर, सोप्या शब्दांत सारे सांगावे, आणि उपचारांचा हेतू रोग बरा करणे हा आहे की केवळ त्रास कमी करणे हा, तेही स्पष्ट करावे. ते विचारतील तेवढेच सांगितले तरी चालेल, पण जे सांगाल ते खरे असावे.

वरील प्रश्नांची यादी मी सोबत आणीन. प्रत्येकापुढे एक ओळ लिहून दिलीत, तरी घरी गेल्यावर आम्हांस नीट समजेल.

आपली नम्र,
रुग्णाची कन्या, कन्नड