एस्टिमेट शेजारी ठेवून वाचलेलं बिल

सर्व्हिसिंगला टाकलेल्या छोट्या पेट्रोल गाडीचं एस्टिमेट ६,४०० रुपये होतं, बिल आलं ८,९५०. अडीच हजारांचा फरक बघून कुणीही म्हणेल, लुबाडलं. पण दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर वेगळंच दिसलं.

वाढीतले २,००० रुपये पुढच्या ब्रेकपॅडचे होते. चाकं उघडल्याशिवाय पॅड किती झिजले ते नीट कळत नाही, त्यामुळे ते एस्टिमेटमध्ये नव्हते. सर्व्हिस ॲडव्हायझरने झिजलेल्या पॅडचा फोटो पाठवला, फोनवर दर सांगितला, मग काम केलं. ही वाढ रास्त. उरलेले ५५० मात्र ‘इंजिन फ्लश’चे. त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या सर्व्हिसिंगच्या तक्त्यातही ते नव्हतं. एस्टिमेट चुकलं असेल तर ते एवढंच. पैसे भरायच्या आधी हरकत घेतली, तेव्हा ती ओळ कमी करून नवं बिल मिळालं.

वेळेचा हिशोब जॉबकार्डवरच असतो. गाडी सकाळी साडेनऊला आत गेली, दुपारी दोनचा वायदा होता, मिळाली साडेपाचला. ब्रेकपॅडचा फोन आला दीड वाजता. याचा अर्थ तोवर चाकं उघडलीच नव्हती, सकाळ नुसती रांगेत गेली. पॅड बदलायला फार वेळ लागत नाही. म्हणून दिरंगाईचं खापर वाढीव कामावर फोडणं पटणारं नव्हतं.

पार्टची खातरजमा खोक्यावरून होते. पार्ट नंबर बिलातल्या नंबराशी जुळला पाहिजे. जुने पॅड आणि फिल्टर दाखवायला आधीच सांगून ठेवावं, नंतर ते भंगारात जातात. ऑइलचंही बघावं. मॅन्युअलमध्ये फिल्टरसह ३.१ लिटर लिहिलं होतं, बिलात ३.५ लिटर लागलं. सीलबंद कॅन फोडला असेल तर उरलेलं ऑइल आपलं. बॅरलमधून मोजून भरलं असेल, तर जेवढं भरलं तेवढ्याचेच पैसे द्यायचे. इथे कॅन होता, उरलेलं ऑइल मागितल्यावर मिळालं.

बिलात सगळ्यात सहज निसटते ती एमआरपी. खोक्यावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. पॅडच्या खोक्यावर १,६०० होते. बिलात मूळ दर १,३५५.९३ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बरोबर १,६००. फिटिंगचे करासह ४०० वेगळ्या ओळीत. हे चोख होतं. मूळ दरातच १,६०० लिहून वर कर लावला असता, तर १,८८८ झाले असते, म्हणजे २८८ रुपये जास्तीचे.

एकूण मत सांगायचं तर पार्ट आणि बिलाची मांडणी चांगली, वेळ वाईट, एस्टिमेट एका ओळीपुरतं खोटं. पुढच्या खेपेला जॉबकार्डवर सही करतानाच लिहून घ्यायचं: ‘विचारल्याशिवाय वाढीव काम नाही.’