हायड्रोजनच्या पाठीवर लिथियम

आवर्तसारणीतली पहिली नऊ मूलद्रव्यं एका ए-४ कागदावर नेमकी बसतात. तीन रकाने, तीन ओळी. वरच्या ओळीत H, He, Li, मधल्या ओळीत Be, B, C आणि खालच्या ओळीत N, O, F. पुढच्या बाजूला संज्ञा आणि मागच्या बाजूला नाव व अणुअंक, अशी फ्लॅशकार्डं करायची असं एखादी शिक्षिका ठरवते. संगणकावर दोन पानं तयार होतात. पहिल्या पानावर नऊ संज्ञा, दुसऱ्यावर त्याच क्रमाने नऊ नावं. फाइल झेरॉक्सच्या दुकानात जाते, पाठपोट छापून येते, कात्रीने कापली जाते. आणि पहिलंच कार्ड उलटल्यावर हायड्रोजनच्या पाठीवर लिथियम निघतं.

गंमत म्हणजे सगळीच कार्डं चुकलेली नसतात. हेलियम, बोरॉन आणि ऑक्सिजन बरोबर असतात. चूक कुठे झाली, याचा पत्ता याच तीन कार्डांवरून लागतो, कारण ती तिन्ही मधल्या रकान्यातली आहेत. कागद पुस्तकाच्या पानासारखा उलटला, की डावी कड उजवीकडे जाते आणि उजवी डावीकडे. मधला रकाना जागच्या जागी राहतो. त्यामुळे पुढच्या पानावर डावीकडे असलेल्या H चं उत्तर मागच्या पानावर उजवीकडे हवं. म्हणजे मागचं पान ओळीओळीने उलट्या क्रमात मांडायचं: लिथियम, हेलियम, हायड्रोजन, मग कार्बन, बोरॉन, बेरिलियम, शेवटी फ्लोरिन, ऑक्सिजन, नायट्रोजन. अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी करायची नाहीत, फक्त घरांची जागा बदलायची. ओळींचा वर-खाली क्रम तोच राहतो.

हे हाताने करायला गेलं की चूक हमखास होते, विशेषतः कार्डं शंभरावर असली की. त्यापेक्षा स्प्रेडशीटकडून करून घेणं चांगलं. उत्तरं Answers नावाच्या शीटवर, प्रश्नांच्याच क्रमाने, A1 ते C3 या नऊ घरांत लिहायची. मग छपाईसाठी वेगळं शीट घेऊन त्याच्या A1 घरात पुढचं सूत्र टाकायचं आणि ते नऊही घरांत ओढायचं.

```
=INDEX(Answers!$A$1:$C$3,ROW(),4-COLUMN())
```

सूत्रातला ४ हा आकडा रकान्यांच्या संख्येत एक मिळवून आलेला आहे. दोन रकान्यांचा कागद असेल तर तिथे ३ येईल आणि C3 च्या जागी B3 सारखं शेवटचं घर.

आवर्तसारणीत आज ११८ मूलद्रव्यं आहेत. नऊनऊची तेरा पानं झाली की ११७ कार्डं संपतात आणि चौदाव्या पानावर एकटं ओगानेसन उरतं. पुढच्या पानावर ते वर डावीकडे येतं. त्याचं उत्तर वर उजवीकडे, दोन रिकाम्या घरांनंतर, यायला हवं. पण अनेकजण रिकामी घरं काढून टाकतात, किंवा कार्डं बनवणारी फाइलच ती गाळते, आणि उत्तर सरकून डावीकडे जातं. मग Og चं कार्ड मागून कोरं निघतं आणि उत्तर भलत्याच कोपऱ्यात छापलेलं सापडतं. म्हणून शेवटच्या पानावर रिकामी घरंही घर म्हणून ठेवायची, चौकटीसकट.

मांडणी बरोबर असूनही प्रिंटर ती बिघडवू शकतो. छपाईच्या खिडकीत पाठपोट छापण्याचे दोन पर्याय असतात: Flip on long edge आणि Flip on short edge. उभ्या कागदासाठी पहिला पर्याय म्हणजे पुस्तकासारखं उलटणं. दुसरा म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं, वरच्या कडेवरून उलटणं. रकाने उलटे मांडलेलं पान चुकून दुसऱ्या पर्यायाने छापलं, तर हायड्रोजनच्या मागे फ्लोरिन येतो, हेलियमच्या मागे ऑक्सिजन, आणि कार्ड बाजूला उलटल्यावर अक्षरं डोक्यावर उभी असतात. फक्त मधोमधच्या बोरॉनचं उत्तर बरोबर असतं, तेही उलटं. या दोन खुणा दिसल्या, की फाइलला हात लावू नये. पर्याय बदलून पुन्हा छापावं.

ज्या घरगुती प्रिंटरला आपोआप कागद उलटता येत नाही, तिथे हा पर्याय माणसालाच निवडावा लागतो. ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर वरच्या कडेला पेन्सिलीने छोटा बाण काढायचा, एक बाजू छापायची आणि छापलेला भाग बाणाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या दिशेने आला ते पाहायचं. प्रत्येक प्रिंटरचं उत्तर वेगळं असतं, म्हणून ही चाचणी एकदा करून निष्कर्ष प्रिंटरवरच चिकटवून ठेवणं सोयीचं.

आता कार्डं जुळली, पण उत्तर घराच्या मधोमध नाही, जरा बाजूला सरकलेलं आहे. या सरकण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि उपायही वेगवेगळे.

पहिलं कारण फाइलमध्येच असतं. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. पत्त्यांच्या मापाचं, म्हणजे ६३ बाय ८८ मिलिमीटरचं कार्ड घेतलं, तर तीन रकाने १८९ मिलिमीटर जागा घेतात. उरलेले २१ मिलिमीटर दोन्ही बाजूंना साडेदहा-साडेदहा वाटले गेले पाहिजेत. उंचीत तीन ओळींचे २६४ जाऊन ३३ उरतात. ते वर-खाली साडेसोळा. डावा समास दहा आणि उजवा अकरा झाला, तर पुढची चौकट अर्धा मिलिमीटर डावीकडे सरकते. कागद उलटल्यावर मागची चौकट तितकीच विरुद्ध दिशेला जाते. दोन्हींत मिळून फरक एक मिलिमीटरचा होतो. समासातली असमानता पाठपोट छपाईत नेहमी अशी दुप्पट होऊन समोर येते.

प्रिंटरच्या खिडकीतला Fit हा पर्याय नकळत हेच करतो. कागदाच्या ज्या भागात प्रिंटर छापू शकतो, त्या भागात तो पान लहान करून बसवतो. तो भाग दोन्ही बाजूंना सारखा नसला, की सगळी चौकट एका बाजूला सरकते. शिवाय पान ९७ टक्क्यांवर आलं, तर ६३ चं कार्ड ६१ मिलिमीटरचं होतं. म्हणून Actual size किंवा १०० टक्के निवडायचं. परदेशी संकेतस्थळांवरून घेतलेल्या तयार नमुन्यांबाबत आणखी एक तपासणी लागते: ते पुष्कळदा अमेरिकेतल्या लेटर कागदासाठी केलेले असतात. तो २१६ मिलिमीटर रुंद आणि २७९ मिलिमीटर उंच असतो, म्हणजे ए-४ पेक्षा रुंद आणि बुटका.

फाइल निर्दोष असली तरी कागद प्रत्येक वेळी यंत्रात अगदी त्याच जागी शिरत नाही. साध्या ऑफिस प्रिंटरमध्ये दोन बाजूंत एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. लेसर प्रिंटरमध्ये शाई पक्की करणाऱ्या तापलेल्या रोलरमधून कागद गेला, की त्यातला ओलावा उडतो आणि तो किंचित आकसतो. दुसरी बाजू या आकसलेल्या कागदावर छापली जाते. फरक लहान असतो, पण पूर्ण जात नाही.

तो मोजण्यासाठी एक कोरं पान घेऊन मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत, कडांपासून सारख्या अंतरावर, बारीक अधिकचिन्हं काढावीत. तेच पान दोन्ही बाजूंना छापून खिडकीच्या काचेवर उजेडात धरावं. पाचही चिन्हं एकाच दिशेला सारखी सरकली असतील, तर मागच्या पानाचा समास तेवढाच हलवायचा. मागची बाजू समोर धरल्यावर तिचं चिन्ह पुढच्यापेक्षा दीड मिलिमीटर उजवीकडे असेल, तर मागच्या पानाचा डावा समास साडेदहाऐवजी नऊ करायचा आणि उजवा बारा. वरची चिन्हं एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला गेली असतील, तर कागद तिरका शिरतो आहे. ट्रेमधल्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कागदाला टेकतील इतक्या सरकवल्या की बहुतेक वेळा हे थांबतं. कोपऱ्यातली चिन्हं मध्यापासून बाहेर किंवा आत गेलेली दिसली, तर दोन बाजूंचा आकारच वेगळा झाला आहे. हाच प्रयोग तीन-चार कागदांवर करावा. दर कागदावर सारखाच येणारा फरक समास बदलून काढता येतो. कागदागणिक बदलणारा फरक काढता येत नाही, त्याला जागा द्यावी लागते.

ही जागा मांडणीत ठेवायची असते. मागच्या बाजूला चौकटीची रेघ अजिबात छापू नये, कारण एक मिलिमीटरची चूक रेघेमुळेच डोळ्यात भरते. उत्तर घराच्या मधोमध घेऊन चहूबाजूंनी निदान पाच मिलिमीटर कोरे ठेवले, तर तीच चूक कुणाला कळतही नाही. मागे रंग हवाच असेल, तर एकच रंग सगळ्या नऊ घरांवर सलग पसरावा आणि बाहेरच्या कडांच्याही पुढे तीन मिलिमीटर न्यावा. घराघराला वेगळा रंग दिला, की शेजारच्या रंगाची पट्टी कार्डाच्या कडेला येते. कापायच्या खुणा फक्त पुढच्या बाजूला, त्याही समासात. घरांमधून जाणारी काळी रेघ कापताना नेमकी दुभंगत नाही आणि एखाद्या कार्डाला चिकटून राहते. कागद पुढची बाजू वर ठेवून, स्टीलची पट्टी आणि कटरने आधी उभ्या पट्ट्यांत कापावा, मग आडवा. असं केल्याने पुढची बाजू अचूक कापली जाते आणि उरलेली चूक मागच्या मोकळ्या जागेत जिरते.

कागदाची निवड फ्लॅशकार्डाच्या बाबतीत विशेष महत्त्वाची असते, कारण साध्या ७० किंवा ७५ जीएसएमच्या झेरॉक्स कागदातून मागचं उत्तर पुढे दिसतं. मूल संज्ञा वाचण्याआधी नावाची सावली वाचतं. कार्डशीटवर, म्हणजे १६० जीएसएम किंवा अधिक जाडीवर, ही अडचण फारशी राहत नाही. पण पुष्कळ लहान प्रिंटरांचा आपोआप उलटण्याचा रस्ता इतका जाड कागद घेत नाही. तो अडकतो किंवा तिरका जातो. तिथे एकेक बाजू हाताने द्यावी लागते. उत्तर ठळक काळ्याऐवजी करड्या रंगात आणि बारीक अक्षरात छापणं हाही पातळ कागदावरचा चांगला उपाय आहे.

जिथे प्रिंटर काही केल्या जुळत नाही, तिथे पाठपोट छपाई टाळून घडी घालता येते. प्रश्न आणि उत्तर एकाच बाजूला शेजारी छापायचे, मधल्या रेघेवर घडी घालून आतून गोंद लावायचा. दोन्ही बाजू एकाच वेळी छापल्या जातात, त्यामुळे सरकण्याचा प्रश्नच येत नाही, आणि साधा कागदही दुहेरी होऊन उत्तर झाकतो. आडव्या ए-४ कागदावर त्याच मापाची अशी चार कार्डं बसतात. ११८ मूलद्रव्यांसाठी मग चौदाऐवजी तीस कागद लागतात, आणि प्रत्येक कार्डाला गोंद लावायला एक माणूस.